चार खोल्यांचा गुणाकार

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आमची आई म्हणायची. नोकरीला लागले तेव्हा तिने बजावून सांगितलं होतं, "तोंड सांभाळ. नगरपालिकेची शाळा आहे, तुझं माहेर नाही." सासरी तरी मी कुठे तोंड सांभाळलं होतं म्हणा! पण ते असो. मी सांगणार आहे ते पाचवी 'ब'बद्दल, आणि ते सांगताना मला आजही अभिमान वाटतो. त्यात लाजायचं काय?

सत्तरीच्या दशकाचा शेवट होता. आमची शाळा द्वारका चौकाच्या अलीकडे, गॅरेजं आणि कांद्याच्या वखारी यांच्यामध्ये होती. वर्गात शिकवताना ट्रकचा हॉर्न वाजला की वाक्य तिथेच सोडायचं आणि हॉर्न संपला की पुन्हा उचलायचं, अशी आम्हा सगळ्यांना सवय झाली होती. मी गंगापूर रोडवरून सायकलने यायचे. बाई सायकलवर येते म्हणून पहिल्या वर्षी गॅरेजवाले बघत राहायचे. दुसऱ्या वर्षापासून तेच माझ्या चाकात हवा भरून द्यायला लागले.

त्या वर्षी मोठ्या गुरुजींनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, मला पाचवीची 'ब' तुकडी दिली. 'ब' म्हणजे गेल्या वर्षी पाचवीतच राहिलेली आणि चौथीतून कशीबशी वर ढकललेली मुलं. "गणित तेवढं बघा यांचं," गुरुजी म्हणाले, "बाकी देवाच्या हवाली."

पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर साधा गुणाकार लिहिला, चौतीस गुणिले सव्वीस. तुम्हाला आठवत असेल आपण शाळेत कसं करायचो ते. आधी सहाने गुणायचं, ओळ लिहायची. मग दुसऱ्या ओळीत एककाच्या घरात एक फुली मारायची, दोनाने गुणायचं आणि शेवटी बेरीज. ही फुली का मारायची? कोणी विचारत नसे आणि कोणी सांगत नसे. मारायची म्हणजे मारायची. अर्धा वर्ग फुली विसरला होता. काहींनी पहिल्या ओळीतही मारली होती. एकाने तर तीन ओळी करून तिन्हींत मारल्या होत्या, बाई खूश व्हाव्यात म्हणून.

आणि शेवटच्या रांगेत एक मुलगी होती. तिचं उत्तर होतं दोनशे बहात्तर.

मी तिची पाटी बघितली. पाढे चोख, हातचे चोख. पहिली ओळ दोनशे चार, बरोबर. दुसरी ओळ अडुसष्ट, फुली नाही, त्यामुळे आठाच्या वर चार आणि सहाच्या वर शून्य. बेरीजही बरोबर, फक्त दुसरी ओळ एक घर सरकलेली. खरं उत्तर आठशे चौऱ्याऐंशी.

"फुली कुठाय गं?"

"इसरते बाई. ती कशाला मारत्यात तेच कळत नाय, म्हनून इसरते."

मला सांगा, यात ती पोर चुकली का? ज्याचं कारण कळत नाही ते विसरणारच की! पण या एका विसरण्यापायी ती गेल्या वर्षी गणितात नापास झाली होती, आणि फक्त गणितातच. गुणाकाराच्या उदाहरणांना पेपरात भरपूर गुण असायचे, आणि तिचं एकही बरोबर आलं नव्हतं.

तिची आई वखारीत कांदे निवडायची. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात ती मला फाटकात भेटली. केसांत कांद्याची टरफलं, पदर कमरेला खोचलेला.

"बाई, येक साल वाया गेलं. औंदा बी नापास झाली तर नाव काढनार. मुकादमाशी बोलले मी, घेतो म्हनला. तिच्या मापाची टोपली बी आनून ठिवलीय."

रागाने नव्हे, ठरलेली गोष्ट सांगतात तसं ती सांगत होती. मुलगी मागे उभी राहून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. मी त्या बाईला काही आश्वासन दिलं नाही. सायकलवर बसले आणि घरापर्यंत माझ्या डोक्यात ती टोपलीच होती. मुलीच्या मापाची टोपली! दप्तर आणायच्या वयात!

अध्यापक विद्यालयात आम्हाला एक बाई होत्या. फार हसतमुख नव्हत्या, पण एक गोष्ट त्यांनी आमच्या डोक्यात पक्की बसवली होती. लेखी रीत ही शेवटची पायरी. आधी मुलाला गुणाकार डोळ्यांनी दिसला पाहिजे, मग हाताने मांडता आला पाहिजे, आणि मग पुस्तकातली रीत. तोवर मी ते परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं होतं. आता ठरवलं, हेच करायचं. आधी क्षेत्रफळ, मग जाळी, आणि पुस्तकातल्या रीतीला दिवाळीपर्यंत हातच लावायचा नाही.

पण दाखवायचं कशावर? चौकटीचे कागद शाळेत कुठले! तेव्हा मला त्या मुलीच्या हातावरचा पांढरा रंग दिसला. आदल्या दिवशी कुठल्याशा कार्यक्रमासाठी शाळेच्या दारात रांगोळी तिनेच काढली होती. ठिपक्यांची, कुठेही ओळ वाकडी नाही.

"तुझ्याकडे ठिपक्यांचा कागद आहे का गं?"

आहे म्हणाली. दुसऱ्या दिवशी घेऊन आली. जाड खाकी कागद, त्यात उदबत्तीने सारख्या अंतरावर पाडलेली भोकं. खाली ठेवायचा, वरून रांगोळी पसरायची, उचलला की ठिपके तयार. मी वर्ग व्हरांड्यात काढला आणि शहाबादी फरशीवर तिला सांगितलं, एका ओळीत तेवीस ठिपके, अशा चौदा ओळी टाक.

टाकल्या. वर्ग बघत राहिला. एरवी मागे बसणारी पोर आज सगळ्यांच्या मध्ये होती, आणि कोणी ठिपक्यावर पाय ठेवला की खेकसत होती. मला तेव्हाच ती आवडली. आपल्यासारखंच तोंड आहे, म्हटलं.

"आता हे ठिपके किती?"

एकेक मोजायला लागली मुलं. मी म्हटलं, थांबा, असं मोजत बसलात तर मधली सुट्टी जाईल. वीस ठिपक्यांनंतर मी उभी रेघ ओढली आणि दहा ओळींनंतर आडवी. व्हरांड्यात चार खोल्या झाल्या. एक मोठी, दोन लांबट आणि कोपऱ्यात एक चिमुकली.

"हे घर समजा. हा मोठा दिवाणखाना, वीस दाहे दोनशे. कोपऱ्यात ही मोरी, तीन चोक बारा. बाकीच्या दोन तुम्ही करा."

पुढे कित्येक दिवस आम्ही घरंच बांधत होतो. ठिपके संपले की चिंचोके घ्यायचे. चिंचोके एका जुन्या पिशवीत असायचे. ती पिशवी फाटकी होती, त्यामुळे वर्गभर चिंचोके, आणि झाडूवाल्या मावशी माझ्या नावाने खडे फोडायच्या. हळूहळू ठिपके सोडले आणि नुसती चौकट राहिली. फळ्यावर चार खोल्यांचं घर काढायचं, वर तेवीसचे वीस आणि तीन, बाजूला चौदाचे दहा आणि चार. खोलीत आकडे भरायचे आणि शेवटी चारींची बेरीज.

आमच्या पोरांनी यातही आपली चूक शोधून काढलीच. ज्यांना घाई असे, ते वीस दाहे दोनशे आणि तीन चोक बारा एवढंच करायचे आणि दोनशे बारा म्हणून मोकळे. मी विचारायचे, "दिवाणखाना मोजलात, मोरी मोजलीत, आणि स्वयंपाकघर न् माजघर कोणी पळवलं?" मग हशा. तिसाची एक खोली आणि ऐंशीची एक खोली परत घरात यायची आणि उत्तर तीनशे बावीस व्हायचं. ज्या पोराला पुस्तकातल्या रीतीत आपली चूक दहा वर्षं दिसली नसती, त्याला इथे रिकामी खोली डोळ्यांनी दिसत होती.

त्या मुलीचा यात एकही गुणाकार चुकत नव्हता. एकही नाही!

मग आणली जाळी. हे जाळीचं प्रकरण मुलांना भयंकर आवडलं. चौकटीच्या चार घरांत प्रत्येकी एक तिरपी रेघ मारायची, वरच्या उजव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या कोपऱ्याकडे. चौतीस वर लिहायचे, सव्वीस उजव्या बाजूला उभे. प्रत्येक घरात फक्त पाढा लिहायचा. चार सक चोवीस झाले की रेघेच्या वर दोन, खाली चार. चार दुणे आठ झाले तर वर शून्य, खाली आठ. मध्ये हातचा धरायचा नाही, काही नाही. सगळे पाढे लिहून झाले की खालच्या उजव्या कोपऱ्यापासून तिरप्या पट्ट्यांची बेरीज करायची. पहिल्या पट्टीत चार. दुसरीत दोन, आठ आणि आठ मिळून अठरा, आठ लिहा आणि एक पुढच्या पट्टीला द्या. तिसरीत एक, सहा, शून्य आणि आलेला एक, म्हणजे आठ. आठशे चौऱ्याऐंशी.

ज्यांना गुणता गुणता हातचे लक्षात राहत नव्हते त्यांच्यासाठी जाळी म्हणजे औषध होतं. हातचा यायचाच तर शेवटी, शांतपणे, बेरजेत. पण मी जाळी आधी आणली नाही, मुद्दाम. जाळी इतकी सोपी आहे की काही न समजताही उत्तर बरोबर येतं. मग फुली आणि जाळीत फरक काय राहिला? म्हणून मी तिरप्या पट्ट्या रंगीत खडूने काढायचे, एककाची पांढरी, दशकाची पिवळी, शतकाची तांबडी, आणि विचारायचे, हा पिवळ्या पट्टीतला आठ घराच्या कुठल्या खोलीतून आला? तिथे तो ऐंशी होता, तो ऐंशी का होता? उत्तर सांगता आलं तरच पुढे.

झालं, असं आमचं मजेत चाललं होतं आणि सहामाही परीक्षा आली. पेपर मोठ्या गुरुजींनी तपासले. त्या मुलीचे सगळे गुणाकार बरोबर होते. काही चौकटीने, काही जाळीने. गुरुजींनी प्रत्येकाखाली लाल शाईत लिहिलं होतं, 'रीत नाही', आणि पुढे भोपळा. तिच्याच नव्हे, माझ्या सगळ्या वर्गाच्या.

मी ते पेपर घेतले आणि सरळ ऑफिसात गेले. आईचं वाक्य दारातच राहिलं.

"गुरुजी, यात चूक दाखवा. एक चूक दाखवा, मी उद्यापासून येत नाही!"

गुरुजी चष्मा पुसत होते. शांत माणूस. आमच्या शाळेत मी ज्यांच्यावर ओरडले आणि जे माझ्यावर कधीच ओरडले नाहीत, असे ते एकटेच.

"चूक नाही बाई. मी पण करून बघितलं, उत्तर येतं."

"मग भोपळा कशाला?"

"बसा आधी. सहामाही माझ्या हातात आहे. वार्षिकचा पेपर दुसऱ्या शाळेत तपासतात, तोंडी घ्यायलाही तिथलेच गुरुजी येतात. त्यांना पुस्तकातली रीत माहीत. ही जाळी बघून ते म्हणतील, पोरांनी कशिदा काढलाय. तेव्हा तुम्ही प्रत्येक पेपराबरोबर समजवायला जाणार का? मी आत्ता भोपळा दिला तो तुमच्या पोरांना नाही, तुम्हाला दिलाय."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. आणि त्याहून वाईट म्हणजे म्हातारा बरोबर बोलत होता. मी बसले.

"पुस्तकातली रीत येईल त्यांना," मी म्हटलं. "शिकवणारच होते. पण माझ्या क्रमाने. चौकटीतून आणि जाळीतून. फुली घोकून नाही."

"आणि नाही आली तर?"

"तर पुढच्या वर्षी मला पहिलीला द्या. गप गुमान अ आ गिरवून घेईन."

गुरुजी हसले. "तुम्ही आणि गप गुमान!"

पण मला पहिली मिळाली असती तर माझं काय बिघडणार होतं? पगार तोच. बिघडणार होतं ते दुसऱ्याचंच. दुसऱ्या दिवशी फाटकात ती आई उभी होती. तिला कोणीतरी सांगितलं होतं की पोरीला गणितात पुन्हा भोपळे मिळाले.

"बाई, ठिपके टाकून टाकून पोरगी खूश होती. म्या म्हनलं, जमलं आता. आन् हे काय? आत्ताच नेऊ का काढून? अर्धं साल तरी कामाचं होईल."

मी सायकल फाटकाला टेकवली. मी तिला म्हटलं, "एप्रिलपर्यंत थांबा. तिचं एकही उत्तर चुकलेलं नाही. फक्त लिहायची पद्धत राहिलीय."

"लिहायची पद्धत?" ती बाई माझ्याकडे बघत राहिली. तिला पटलं नव्हतं, पण ती माणसाच्या तोंडाकडे बघून ठरवणारी होती. "एप्रिलपोतर. पुढं नाय," म्हणाली आणि गेली.

दिवाळीनंतर मी एक दिवस फळ्याच्या डाव्या अर्ध्यात चौतीस आणि सव्वीसचं चार खोल्यांचं घर काढलं. वरच्या मजल्यावर वीस ओळींच्या दोन खोल्या, सहाशे आणि ऐंशी. खालच्या मजल्यावर सहा ओळींच्या दोन, एकशे ऐंशी आणि चोवीस. उजव्या अर्ध्यात पुस्तकातली रीत मांडली, पण दुसऱ्या ओळीत एककाचं घर मोकळं सोडलं. फुलीही नाही, काही नाही. आणि मी गप्प बसले. माझ्यासारखीला ते किती अवघड गेलं असेल ते समजून घ्या.

"दोन्हीकडे उत्तर एकच यायला हवं. मग डावीकडच्या चार खोल्या उजवीकडे कुठे गेल्या ते शोधा."

वर्गात कुजबूज. कोणी म्हणालं गेल्याच नाहीत, कोणी म्हणालं बाईंनी लपवल्या. बाहेर एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. तो संपला तेव्हा ती मुलगी उठून फळ्यापाशी आली होती. तिने खालच्या दोन खोल्यांची बेरीज केली, चोवीस आणि एकशे ऐंशी. दोनशे चार. मग बोटाने पलीकडची पहिली ओळ दाखवली. तीही दोनशे चार.

"खालचा मजला पहिल्या वळीत हाय."

मग वरचा मजला केला. सहाशे आणि ऐंशी, सहाशे ऐंशी. पलीकडे दुसऱ्या ओळीत नुसते अडुसष्ट आणि शेजारी मोकळी जागा. ती बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत होती. मी खडूने तळहात घासत होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण सांगितलं नाही.

"बाई," ती हळूच म्हणाली, "हितं फुली नसतीय. हितं शून्य असतंय. वर वीस रांगा हायत. दोनानं गुनलं तर दोनच रांगा धरल्या ना. त्या दोन न्हाईत, ईस हायत."

आणि तिने खडू उचलून तिथे शून्य काढलं. चांगलं गोल, मोठं.

माझे डोळे भरून आले हो! गुणाकाराला कोणी रडतं का? मी रडले. वर्ग घाबरला, त्यांना वाटलं बाई चिडल्या. मी म्हटलं, आजपासून आमच्या वर्गात फुली बंद. जिथे फुली मारायची तिथे शून्य लिहायचं आणि ते का लिहिलं ते सांगायचं. त्यानंतर पुस्तकातली रीत शिकवायला मला जवळजवळ काही करावंच लागलं नाही. जाळीत बेरजेत येणारे हातचे आता गुणतानाच लक्षात ठेवायचे एवढं सरावाने आलं. ज्याचं अडलं त्याने पाटीच्या कोपऱ्यात छोटंसं घर बांधायचं आणि ताळा करायचा. त्या वर्षी ते घर पाटीच्या कोपऱ्यात काढलेलं बघितलं की मला ओळखू यायचं, हा आपला.

एप्रिल आला. लेखी पेपर झाला, गठ्ठा बांधून दुसऱ्या शाळेत गेला. मग तोंडी. त्या शाळेचे गुरुजी आले, धिप्पाड, पांढरी टोपी, आवाज असा की ट्रकचा हॉर्न परवडला. ते प्रत्येकाला फळ्यापाशी बोलवून गणित घालत. मला दारात उभं राहायची परवानगी होती, बोलायची नव्हती. ही शिक्षा कोणी शोधून काढली असेल!

तिची पाळी आली. सत्तेचाळीस गुणिले छत्तीस.

सहाने गुणलं. सात सक बेचाळीस, दोन, हातचे चार. चार सक चोवीस आणि चार अठ्ठावीस. दोनशे ब्याऐंशी. आणि थांबली. खडू हवेत.  पाहुण्या गुरुजींनी घड्याळाकडे बघितलं. मी मनात म्हटलं, गेलं, सगळं गेलं, नेलं आता हिला टोपलीसकट. मग मला दिसलं, तिचं डाव्या हाताचं बोट परकरावर चालत होतं. एक उभी रेघ, एक आडवी. घर बांधत होती! मग तिने फळ्यावर आधी शून्य लिहिलं, त्याच्या शेजारी एक, आणि त्याच्या शेजारी चौदा. बेरीज केली. सोळाशे ब्याण्णव.

"फुली कुठाय?" गुरुजी गरजले.

"फुली नसती गुरुजी. शून्य असतं."

मी दाराची कडी घट्ट धरली. गुरुजींनी बोटाने ते शून्य पुसून टाकलं आणि बाकीचे आकडे एक घर सरकवून लिहिले. दोनशे ब्याऐंशीखाली एकशे एक्केचाळीस.

"आता? असं चालेल का?"

तिने बेरीज केली. चारशे तेवीस. गुरुजींच्या तोंडाकडे बघितलं, आणि माझ्या त्या पोरीने, वर्षभर व्हरांड्यात ठिपक्यांवरून भांडणाऱ्या पोरीने, दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"सत्तेचाळीस ठिपक्यांच्या दहा रांगा टाकल्या तरी चारशे सत्तर होत्यात. आन् तुमच्या छत्तीस रांगांचे चारशे तेवीसच? बाकीचे ठिपके कुनी झाडून नेले?"

 मग तो धिप्पाड माणूस असा हसला की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी आली. "ठिपके? कसले ठिपके?" त्यांनी विचारलं, आणि तिने खडू घेऊन त्यांना फळ्याच्या कोपऱ्यात घर बांधून दाखवलं. बाराशे, दोनशे दहा, दोनशे चाळीस, बेचाळीस. गुरुजी मान हलवत बघत होते. आमचे मोठे गुरुजी माझ्यामागे कधी येऊन उभे राहिले मला कळलंच नाही. "बाई," ते हळूच म्हणाले, "पहिली विसरा."

निकालाच्या दिवशी आया सकाळपासून फाटकात जमलेल्या असतात. त्या मुलीची आई कामावर जाता जाता आली होती. काखेत तिची स्वतःची मोठी टोपली आणि त्या टोपलीत एक छोटी टोपली, नवी कोरी. इथून पोरीला घेऊन सरळ वखारीत जायचं, अशा तयारीने.

मोठे गुरुजी व्हरांड्यात उभं राहून नावं वाचत होते. तिचं नाव आलं, पुढे 'पास' आलं. गुरुजी तिथे थांबले, कोणासाठी कधी थांबत नसत, आणि म्हणाले, "गणितात वर्गात पहिली."

पोरीने आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. आई जागची हलली नाही. निकाल वाचून संपला, गर्दी पांगली, तरी ती बाई तशीच उभी. मग माझ्याजवळ आली.

"सहावीचं गनित अवघड असतंया का, बाई?"

"असू दे," मी म्हटलं. "तुमची पोरगी त्याच्याहून अवघड आहे."

ती हसली नाही. वाकून मोठ्या टोपलीतून ती छोटी टोपली काढली, पदराने उगाचच पुसली आणि माझ्या हातात दिली.

"ही शाळेतच ऱ्हाऊ द्या. तुमच्या चिंचोक्याची पिशवी फाटलीय म्हनती ती."

आणि एकटीच वखारीकडे गेली.

ती टोपली पुढे ऐंशीच्या दशकात वर्षानुवर्षं माझ्या वर्गात होती. दर जूनला नवी पाचवी 'ब' यायची, मी व्हरांड्यात ठिपके टाकायला लावायचे आणि टोपली मध्ये ठेवायचे. ती चिंचोक्यांनी काठोकाठ भरलेली असायची. कांदा तिच्यात एकदाही पडला नाही.